पान पंचेचाळीस, मुद्दा सात

श्रुतिका राऊळला वर्गात कोणी श्रुतिका म्हणत नसे. ती ‘शॉर्टवाली’. कांदिवलीत एका जुन्या इमारतीच्या दोन मजल्यांवर नर्सिंग स्कूल आहे, तिथे ती जीएनएमच्या पहिल्या वर्षाला होती. पहिल्या युनिट टेस्टच्या आधी तिने स्वतःसाठी काढलेल्या बारा पानांच्या शॉर्ट नोट्स वर्गाच्या ग्रुपवर टाकल्या, आणि तिथेच तिची चूक झाली. एकदा आयतं पीठ मिळालं की त्यावर रेघोट्या ओढायला माणसांची कमी नसते. दुसऱ्या टेस्टला मुली हक्काने विचारू लागल्या, ‘शॉर्ट कधी टाकतेयस?’ तिसऱ्या टेस्टपर्यंत अडतीस जणांच्या वर्गात वही उघडून लिहिणारी ती एकटी उरली. बाकीच्या पेन हातात धरून मॅडमकडे बघत आणि मान हलवत.

तिचंही काही बिघडत नव्हतं म्हणा. लिहिल्याशिवाय तिच्या डोक्यात काही जात नसे. चारकोपच्या महापालिका शाळेत ती मराठीतून शिकली. आठवीला विज्ञान इंग्रजीतून घ्यायची टूम निघाली तेव्हा तिने वहीची एक पद्धत बसवली. डाव्या पानावर इंग्रजी मुद्दे, नंबर घालून. उजव्या पानावर त्याच नंबरांपुढे त्याचा अर्थ, आपल्या मराठीत. हे उजवं पान खरं तर आईसाठी होतं. आई, अनुपमा, इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये टिकल्यांच्या पाकिटांना स्टेपल मारायच्या कामाला जायची. संध्याकाळी आली की भाजी निवडता निवडता वही मांडीवर घ्यायची. श्रुतिका इंग्रजीत घडाघडा म्हणायची, आणि आईला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. मग आई उजव्या पानावर बोट ठेवून म्हणायची, “पाच नंबर काय ता माका सांग, मराठीत.” मराठीत सांगता आलं तरच आई पुढच्या नंबरावर जायची. आईला सांगता येत नाही ते आपल्याला कळलेलं नाही, असा मग श्रुतिकाचा नियमच होऊन बसला. नर्सिंगच्या जाड इंग्रजी पुस्तकांपुढे जालना, सावंतवाडी, वाकोला अशा ठिकाणांहून आलेल्या मराठी माध्यमाच्या पोरी त्या उजव्या पानाच्या जिवावर तरल्या, आणि ते पान चारकोपच्या एका टिकल्या पॅक करणाऱ्या बाईसाठी निघालं होतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

वार्षिक परीक्षेला दोन महिने असताना एका मंगळवारी अनुपमा कामावर बसल्या जागी कलंडली. मेंदूत रक्तस्राव. महापालिकेच्या हॉस्पिटलात नेलं, डॉक्टरांनी स्कॅन बघून ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणून सांगितलं, आणि शुक्रवारी पहाटे ती गेली. हे सगळं चार दिवसांत झालं. चार ओळींत सांगून संपतं इतकंच.

त्या चार दिवसांत श्रुतिका रडली नाही. घरात ती एकटीच ‘मेडिकल लाइन’ची, म्हणून सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. वडील सहदेव बोरिवलीच्या एका सोसायटीत पंपमन. पाण्याची मोटार चालू करायची, टाक्या भरायच्या, बंद करायची. मोटारीचा आवाज बदलला तर त्यांना लगेच कळायचं, पण डॉक्टरांचं एक वाक्य कळायचं नाही. डॉक्टर बोलले की ते मुलीकडे वळून विचारायचे, “काय म्हणतत?” मुलगी सांगायची. ऑक्सिजनचा आकडा, लघवीची पिशवी, सही कुठे करायची. नंतर दाखला, गाडी, गावाला फोन. सगळं तिने केलं, आणि चोख केलं. नातेवाईक म्हणाले, पोरगी वाघीण आहे. वाघीण वगैरे काही नव्हती, बधिर झाली होती. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला आहे की दुसऱ्याचा ते कळत नाही, तशी ती स्वतःलाच कळत नव्हती.

तेरावं झालं तरी तेच. कणकवलीहून आलेली मावशी महिनाभर राहिली आणि जाताना तिचा हात धरून म्हणाली, “बाय, तू रडलंस नाय अजून. रडान घे गो.” श्रुतिकाने मान हलवली आणि मावशीच्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवली. मावशीचं बोलणं तिला कळलं होतं, फक्त करायचं कसं ते कळत नव्हतं. वर्गातल्या सहा मुली भेटायला आल्या होत्या, त्या ओळीने भिंतीला टेकून बसल्या. सपना सोडली तर कोणाला काय बोलावं ते सुचेना. सपना वाकोल्याची, नर्सिंग फंडामेंटल्सच्या पेपरात मागच्या वर्षी चार मार्कांनी नापास झालेली, आणि आता दुसऱ्यांदा बसणारी. ती सरळ म्हणाली, “कधीपण रड, नाहीतर नको रडू. मला फोन कर फक्त.” बाकीच्या पाचजणींनी नोट्सचं नाव काढलं नाही. पण टेबलावरच्या वह्यांकडे पाचहीजणींचं लक्ष गेलं ते श्रुतिकाने पाहिलं. तिला राग आला नाही. त्या काळात तिला काहीच येत नव्हतं, मग रागच कुठून येणार?

परीक्षेला नऊ दिवस उरले तेव्हा तिने फंडामेंटल्स एकत्र बांधायला घेतलं. वर्षभराचं छाटून, आटवून अठ्ठेचाळीस पानांत बसवलं. सगळं झालं, फक्त चार पानं कोरी राहिली. ती हॉस्पिटलात होती त्या मंगळवार ते शुक्रवारची लेक्चर्स. तिने ग्रुपवर विचारलं, ‘त्या चार दिवसांच्या नोट्स कोणाकडे आहेत? फोटो टाका.’

दोन तास कोणी बोललं नाही. निळ्या खुणा मात्र सगळ्यांच्या पडल्या. शेवटी जान्हवीने लिहिलं, ‘तू नव्हतीस ना, मग कोणी लिहिलंच नाही.’ सईने लिहिलं, ‘आम्हाला वाटलं तू आल्यावर मॅडमकडून घेशील.’ एकीने हात जोडल्याचं चित्र टाकलं.

सदतीस मुलींनी चार दिवस वर्गात बसून एक अक्षर लिहिलं नव्हतं. शॉर्टवाली येईल आणि लिहील, या भरवशावर. शॉर्टवालीची आई मरत होती हे त्यांना माहीत होतं, तरी भरवसा कायम. हसावं की रडावं असा प्रकार होता, पण श्रुतिकाने दोन्हीपैकी काही केलं नाही. तिने मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, “अगं, मरणोन्मुख रुग्णाची सेवा आणि मृतदेहाची काळजी, तो भाग झाला त्या चार दिवसांत. दहा मार्कांचा प्रश्न हमखास येतो त्यावर. पुस्तकातून काढ बाळ, तुला जमेल.” मग आपण कोणाशी बोलतोय ते त्यांच्या लक्षात आलं असावं. “नाहीतर राहू दे,” त्या म्हणाल्या.

राहू देऊन चालणार नव्हतं. दहा मार्क म्हणजे सपनाचे चार मार्क आणि वर सहा. सपना या वेळीही नापास झाली तर तिचे वडील धोंडिरामकाका तिला घरी बसवणार होते. ते त्यांनी बोलून दाखवलं होतं, आणि ते एकदा बोलले की बदलत नसत.

रविवारी दुपारी श्रुतिका पुस्तक घेऊन बसली. सहदेव आतल्या खोलीत पंख्याखाली आडवे झाले होते. पुस्तकातली अकरा पानं होती, ती तिला डावी दोन आणि उजवी दोन अशा चार पानांत आणायची होती.

डावी पानं तिने आधी उरकली. इंग्रजीत मुद्दे पाडायला तासही लागला नाही. मृत्यू जवळ आल्याची लक्षणं: हातपाय गार पडणं, त्वचेवर निळसर चट्टे, नाडी मंद आणि अनियमित, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू होणं, घशात घरघर. यातलं एकही तिला पुस्तकात बघायची गरज नव्हती, तरी ती बघून लिहीत होती. शोकाच्या पाच पायऱ्या तिने क्रमाने लिहिल्या. आपण कुठल्या पायरीवर आहोत ते तिने बोट फिरवून शोधलं. तिच्या पुस्तकात सुन्न बसण्याला पायरी नव्हती. मग डोळे मिटवणं, दातांची कवळी असल्यास बसवणं, नळ्या काढणं, अंग पुसणं, हनुवटी बांधणं, मनगटाला नावाची पट्टी. तिच्या आईच्या मनगटाला पट्टी बांधताना वॉर्डातल्या सिस्टरने नावाचं स्पेलिंग तिलाच विचारलं होतं. तिने ते बरोबर सांगितलं होतं. लिहिताना हात एकदाही थांबला नाही, तेव्हा तिला वाटलं, झालं, निघालं काम.

मग तिने उजवं पान घेतलं.

पान पंचेचाळीस. एक, रुग्णाला एकटं सोडू नये. दोन, दर दोन तासांनी कूस बदलावी. तीन, तोंड ओल्या कापसाने पुसावं. चार, पाच, सहा. सात नंबरला तिने डावीकडे पाहिलं. इंग्रजीत एकच ओळ होती, अर्ध्या तासापूर्वी तिनेच उतरवलेली. ऐकण्याची शक्ती सगळ्यात शेवटी जाते. रुग्ण बेशुद्ध दिसला तरी त्याच्याशी बोलत राहावं.

उतरवताना ती ओळ इंग्रजीत होती. आता ती मराठीत सांगायची होती, आणि सांगताना तिला गुरुवारची संध्याकाळ आठवली.

सहदेव गुरुवारी संध्याकाळपर्यंत बायकोशी बोलत होते. खाटेच्या लोखंडी कडेला धरून, खाली वाकून. काहीतरी आपलं नेहमीचं. आज सोसायटीत पाणी सहा दहाला आलं. मोटारीचं बुश गेलं, नवीन आणायला सांगितलंय. गॅस नोंदवला. बी विंगच्या बाईंनी तुझी चौकशी केली. तू टोमॅटो आणून ठेवले होतेस, ते मऊ पडले, मी सार केलं, आंबट झालं. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक बघत होते. श्रुतिकाला दोन दिवस झोप नव्हती. समोर फॉर्म होता. आणि नर्सिंगची विद्यार्थिनी म्हणून, चार माणसांत आपल्या बापाचं हे अडाणीपण तिला सोसवेना. खरं तेच सांगायला हवं, तिला लाज वाटली होती. ती म्हणाली, “बाबा, तिला ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले ना. उगाच बोलू नका.”

डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, प्रतिसाद नाही.

सहदेव लगेच गप्प झाले. मुलगी शिकलेली, तिला माहीत असणार. ते स्टूल मागे घेऊन बसले आणि नंतर बोलले नाहीत.

त्याच चार दिवसांत कधीतरी, कांदिवलीत फळ्यासमोर, मॅडम हा मुद्दा शिकवत होत्या. सदतीसजणी मान हलवत होत्या.

श्रुतिकाने सातच्या पुढे काही लिहिलं नाही. सोडायचं असं तिने ठरवलंही नव्हतं. पेन आपोआप खाली सरकलं आणि तिने आठ लिहिला, मग नऊ. मग पान सत्तेचाळीस पुरं केलं. चारही पानांचे फोटो काढले, फाइलमध्ये जागच्या जागी घातले, आणि ग्रुपवर टाकून खाली लिहिलं:

‘फंडामेंटल्स शॉर्ट, ४८ पानं. पान १ वर अनुक्रमणिका. २ पासून डावं पान (सम नंबर) इंग्रजी मुद्दे, त्याच्या समोरचं उजवं पान (विषम) त्याच मुद्द्यांचा मराठी अर्थ. मुद्द्यांचे नंबर दोन्हीकडे तेच, म्हणजे डावीकडचा ५ कळला नाही तर उजवीकडचा ५ बघा. चौकट केलेलं आधी पेपरात येऊन गेलंय. गोल केलेलं वॉर्डात लागतं, पेपरात येईलच असं नाही. पाठपोट झेरॉक्स काढणार असाल तर पान १ सोडू नका. ते सोडलं तर डावं-उजवं एकाच कागदाच्या दोन बाजूंना जाईल आणि समोरासमोर येणार नाही. पान ४४ ते ४७ लेक्चरमधलं नाही, पुस्तकातून काढलंय, कारण कोणाकडे नव्हतं. पान ४८ वर मागच्या पाच वर्षांचे प्रश्न.’

अंगठे आले, हात जोडलेले आले. एकीने लिहिलं, ‘झकास, वाचलो.’ पाच मिनिटांत जान्हवीने विचारलं की चौकट म्हणजे काय, म्हणजे तिने संदेश वाचलाच नव्हता.

सपनाने मात्र वाचला होता. मागच्या युनिट टेस्टला ती उजवं पान पाठ करून गेली होती आणि डावं विसरली होती. तेव्हापासून ती दोन्ही पानं समोर ठेवून एकेक नंबर जुळवत असे, किराणा दुकानदार माल उतरवून घेतो तसा. तासाभराने तिचा फोन आला. “ऐक ना, पान पंचेचाळीसवर सहानंतर डायरेक्ट आठ आहे. सात डावीकडे आहे, उजवीकडे नाहीये. सुटला का गं?”

“नाही सुटला,” श्रुतिका म्हणाली. “टाकते थोड्या वेळाने.”

“इंग्रजी वाचलं मी. हिअरिंगचं काहीतरी आहे. त्याला गोल पण नाहीये आणि चौकट पण नाहीये.”

“टाकते, सपना.”

तिने फोन ठेवला. सहदेव उठले होते. आत चहाचं आधण ठेवून ओट्याला टेकून उभे होते. ती वही घेऊनच आत गेली. सपनाला सांगण्याआधी हे या माणसाला सांगायला हवं, एवढंच तिला कळत होतं. तिला भीती वाटली. दीड महिन्यात पहिल्यांदा तिला काहीतरी वाटलं, आणि ती भीती निघाली.

“बाबा,” ती म्हणाली, “आईला ऐकू येत असणार.”

“कधी?”

“हॉस्पिटलात. माणूस जाताना ऐकू येणं सगळ्यात शेवटी जातं. पुस्तकात दिलंय. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तुम्ही बोलत होतात ते बरोबर होतं.”

सहदेवांनी गॅस बारीक केला. वही घेऊन त्यांनी डावं पान पाहिलं, ते इंग्रजी होतं. उजव्या पानावर बोट खाली आणलं. सहानंतर मोकळी जागा होती. बोट त्यांनी तिथेच ठेवलं.

“म्हणजे पाण्याचा तिनं ऐकलान असात,” ते म्हणाले. “टोमॅटोचा पण.”

“हो, असेल.”

“बरा झाला.” मग त्यांनी विचारलं, “किती वेळ येता ऐकू?”

“तेवढं पुस्तकात नाही दिलेलं. शेवटपर्यंत, एवढंच आहे.”

ते मनाशी काहीतरी जुळवत होते. मोटार किती वाजता चालू केली, टाकी किती वाजता भरली, हे ते रोज असंच जुळवत. “मी गप्प बसलंय तेव्हा सात वाजले होते,” ते म्हणाले. “ती गेली पावणेपाचाक.”

त्यांच्या आवाजात बोल लावल्यासारखं काही नव्हतं. त्यांनी फक्त वेळ सांगितली. ते ओरडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

“माझ्यामुळे,” ती म्हणाली. “मला लाज वाटली तुमची. म्हणून म्हटलं.”

सहदेवांनी चहा दोन कपांत गाळला, एक तिच्यापुढे सरकवला. “रात्री दोन-तीनदा तोंडार आला होता,” ते म्हणाले. “मी आसंय हय, इतक्याच म्हणाचा होता.”

श्रुतिका तिथेच, ओट्याजवळ जमिनीवर बसली. रडू आलं तेव्हा तिला आधी वाटलं ठसका लागला. सहदेव तिच्याशेजारी खाली बसले आणि बोलत राहिले. उद्या पाणी उशिरा येणार आहे, नवं बुश बसवलं, आता आवाज येत नाही. तिने त्यांना थांबवलं नाही.

चहा निवून गेल्यावर तिने पान पंचेचाळीसवर सातच्या पुढे लिहिलं, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला.

‘७. ऐकू येणं सगळ्यात शेवटी जातं. माणूस बेशुद्ध असला तरी त्याच्याशी बोलत राहावं. घरचे बोलत असतील तर त्यांना बोलू द्यावं, मग ते कितीही साधं असो. त्यांना गप्प बसवू नये.’

सपनाने लगेच विचारलं, ‘शेवटची दोन वाक्यं डावीकडे नाहीत. पुस्तकातली आहेत का?’

‘नाहीत,’ श्रुतिकाने लिहिलं. ‘तरी पेपरात लिही.’